दसऱ्याची गाडी : बोनस किती आणि चावी किती वाजता?

घटस्थापना जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकाच घराण्यातली चित्रे फिरू लागतात. वर झेंडूचे तोरण, कोपऱ्यात आपट्याची पाने, मध्ये चकचकीत स्कूटर आणि तिच्याभोवती फुगे किंवा तारे. त्यात मोठ्या अक्षरांत मजकूर असतो : ‘एक्स्चेंज बोनस १०,००० रुपयांपर्यंत. डाउन पेमेंट फक्त ४,९९९. हेल्मेट मोफत. दसऱ्याला हमखास डिलिव्हरी, स्लॉट मर्यादित.’ अगदी तळाला मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत अटी लागू असल्याचे लिहिलेले असते. ती ओळ वाचायला चित्र बोटांनी मोठे करावे लागते आणि मोठे केले की ती धूसर होते.

या चित्रांवर हसणे सोपे आहे, पण दुचाकी विक्रेत्याचे अर्धे वर्ष त्यांच्यावर तरलेले असते. पितृपक्षात गाडी घ्यायला कोणी येत नाही. शोरूममध्ये माल येऊन पडलेला असतो आणि त्यावरचे व्याज चालू असते. मग साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेला दसरा येतो. त्या दिवशी वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही, म्हणून एकाच दिवशी सगळ्यांना गाडी हवी असते. वाहन विक्रेत्यांच्या ‘फाडा’ या देशव्यापी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२५ मध्ये नवरात्रापासूनच्या ४२ दिवसांच्या सणासुदीत देशात ४० लाखांहून जास्त दुचाकी विकल्या गेल्या. एवढी गर्दी होणार हे माहीत असताना विक्रेता त्या चित्रात ग्राहकाला तीन गोष्टी कबूल करतो : नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचे पैसे आणि चावी हातात पडण्याची वेळ. तिन्हींच्या मागे कागदपत्रांची साखळी असते. ती चित्रात दिसत नाही आणि बिनसते ते तिथेच.

२०२५ चा दसरा या बाबतीत फार बोलका होता. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात जीएसटी कमी होणार असल्याचे जाहीर झाले आणि ग्राहकांनी खरेदी थांबवली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, म्हणजे नेमके घटस्थापनेच्या दिवशी. विक्रेत्यांनी आधी तयार करून ठेवलेली सगळी चित्रे रद्दी झाली. नवी आली, पण जुनीही ग्रुपांवर फिरत राहिली, कारण बहुतेकांवर तारीखच नव्हती. ग्राहक मोबाइल पुढे करून विचारत, यातली खरी किंमत कोणती?

हिशेब करून पाहू. करापूर्वी ७५,००० रुपये किंमत असलेल्या गाडीची एक्स-शोरूम किंमत २८ टक्क्यांनी ९६,००० रुपये होत होती. १८ टक्क्यांनी ती ८८,५०० झाली. साडेसात हजारांचा हा फरक सरकारने घडवला. तरी अनेक चित्रांत तो ‘दसरा धमाका बचत’ म्हणून झळकला. हेल्मेटचेही तसेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या १३८ व्या नियमानुसार दुचाकी विकताना उत्पादकाने भारतीय मानकाचे हेल्मेट द्यायचेच असते. मागे बसणाऱ्याच्या पदराचे किंवा ओढणीचे चाकापासून रक्षण करणारी जाळी, म्हणजे आपली ‘साडी गार्ड’, हीसुद्धा १२३ व्या नियमात सक्तीची आहे. कायद्याने जे द्यावेच लागते ते भेट म्हणून मिरवायचे, ही या चित्रांची जुनी खोड आहे. या तीन गोष्टी वजा केल्यावर जे उरते, तेवढीच विक्रेत्याची खरी सवलत. त्यात सर्वांत मोठा आकडा असतो एक्स्चेंज बोनसचा.

एक्स्चेंज बोनस म्हणजे जुन्या गाडीची किंमत नव्हे. जुन्या गाडीचे मूल्यांकन वेगळे होते आणि बोनस त्यावर मिळतो. काही भाग कंपनी देते, काही विक्रेता स्वतःच्या खिशातून घालतो. कंपनीचा वाटा विक्रेत्याला लगेच मिळत नाही. जुन्या गाडीची आणि नव्या गाडीच्या बिलाची कागदपत्रे पाठवल्यावर तो मागाहून येतो. बहुतेक योजनांमध्ये जुनी आणि नवी गाडी एकाच व्यक्तीच्या किंवा एकाच कुटुंबातल्या माणसांच्या नावावर असावी लागते. मेव्हण्याची गाडी देऊन आपल्या नावावर बोनस घ्यायला गेलेला माणूस इथे अडतो. काही योजना फक्त ठरावीक मॉडेलवर असतात आणि रोख सवलत घेतली तर बोनस नाही, अशीही अट असते. ‘पर्यंत’ या तीन अक्षरांत हे सगळे कोंबलेले असते. दहा हजारांचा बोनस असतो तो एखाद्या महागड्या मोटरसायकलवर. लोक ज्या स्कूटरसाठी रांग लावतात तिच्यावर तो तीन हजार असू शकतो.

खरी मेख मात्र मूल्यांकनात आहे. समजा, एकाकडे अकरा वर्षे जुनी, व्यवस्थित ठेवलेली स्कूटर आहे. गावातला जुन्या गाड्यांचा व्यापारी तिचे २४,००० रुपये देतो म्हणतो. पहिल्या शोरूमचे चित्र सांगते, बोनस ५,०००. तिथला माणूस गाडी फिरवून पाहतो, टायर घासलेत, सायलेन्सर गंजलाय म्हणतो आणि १८,००० लावतो. बोनस धरून झाले २३,०००. दुसऱ्या शोरूमच्या चित्रात बोनस फक्त ३,०००, पण तिथे गाडीचे मूल्यांकन होते २२,०००. हातात येतात २५,०००. मोठा बोनस लिहिणारे शोरूम दोन हजारांनी महाग पडले आणि व्यापाऱ्यापेक्षाही एक हजाराने मागे राहिले. म्हणून जाणता ग्राहक बोनस किती हे विचारतच नाही. आधी जुन्या गाडीचा विषय न काढता नव्या गाडीची ऑन-रोड किंमत लिहून घेतो. मग जुन्या गाडीचे मूल्यांकन आणि बोनस हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागतो. तिन्ही आकडे एकत्र आले की ‘अॅडजस्ट केलंय साहेब’ या वाक्यात काय काय विरघळते ते शोधून सापडत नाही.

ऑन-रोड किमतीतही थोडे डोकवायला हवे. वरच्याच उदाहरणात ८८,५०० वर महाराष्ट्रात या गटातल्या पेट्रोल दुचाकीला ११ टक्के रस्ता कर धरला तर ९,७३५ रुपये होतात. विमा समजा ६,५०० आणि नोंदणीचे शुल्क ६०० धरले, तर बेरीज १,०५,३३५ होते. विम्याचा आकडा मोठा दिसतो, कारण नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी करापूर्वी त्याचेच ३,८५१ रुपये ठरलेले आहेत. त्यात कोणी सवलत देऊ शकत नाही. उरलेल्या भागात मात्र घासाघीस होते आणि विमा शोरूममधूनच घ्यावा असे बंधन नाही. जुन्या स्कूटरच्या विम्यावर क्लेम घेतला नसेल, तर साचलेला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र आणले तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर २० ते ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एक्स्चेंजच्या घाईत हे पत्र आणायचे बहुतेक जण विसरतात. चित्रात त्याचा उल्लेख नसतो, कारण त्यात विक्रेत्याला काही मिळत नाही.

या बेरजेत ‘हँडलिंग चार्जेस’ म्हणून पाचशे-हजार रुपये आले, तर ते कशाचे हे विचारावे. गाडी शोरूमपर्यंत आणणे आणि तयार करून देणे हे एक्स-शोरूम किमतीतच धरलेले असते. विचारले की पुष्कळदा ती ओळ बिलातून गुपचूप जाते.

आता जुनी स्कूटर. ती शोरूमच्या आवारात उभी करून माणूस नव्या गाडीवरून घरी गेला, म्हणजे ती त्याची राहिली नाही असे त्याला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक. शोरूम जुनी गाडी सहसा स्वतःकडे ठेवत नाही. ती व्यापाऱ्याकडे जाते, व्यापाऱ्याकडून दुसऱ्या गावात. तोवर ‘टीटीचे कागद’, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, कोऱ्या जागांवर सह्या करून कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून असतात. मधल्या काळात सिग्नल तोडल्याचे चलन मूळ मालकाच्या मोबाइलवर येते. ते आले तर निदान कळते तरी.

यावर २०२३ पासून एक सोय आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा विक्रेता आरटीओकडे अधिकृत झालेला असेल, तर मालक त्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९ सी भरून ऑनलाइन देऊ शकतो. तिथून पुढे त्या गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर जाते. शोरूमकडे ही अधिकृतता आहे का, हा प्रश्न बोनसच्या रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. नसेल तर गाडी दिल्याची तारीख, वेळ, मीटर रीडिंग आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती मागावी. फॉर्म भरलेले असावेत, कोरे नसावेत. महिन्याभराने एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव बदलले का तेही पाहावे.

शोरूमचे लोक दसऱ्याच्या आठवड्यात ज्याने सर्वांत जास्त वैतागतात ते म्हणजे जुन्या गाडीची अडकलेली कागदे. कर्ज फेडून पाच वर्षे झाली, पण आरसीवरचा बोजा उतरवलेलाच नाही. मग फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ शोधणे आले. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे. आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील हयात नाहीत, म्हणजे आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागणार. २०२५ मध्ये यात आणखी एकाची भर पडली. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा क्रमांकपाटी सक्तीची झाली होती आणि ती नसेल तर मालकी हस्तांतरणासारखी कामे आरटीओ अडवू लागले. दुचाकीच्या पाटीचे पैसे करासह ५३१ रुपये, पण ती बसवायची तारीख मिळायला दिवस जात. पाचशे रुपयांच्या पाटीसाठी पाच हजारांचा बोनस लटकत राहिला, असे प्रसंग त्या काळात नवलाचे नव्हते.

एक गोष्ट जाता जाता. जुन्या गाडीचे २२,००० रुपये वळते झाले तरी नव्या गाडीचा जीएसटी त्यांच्यामुळे कमी होत नाही. जुनी गाडी हा सवलतीचा भाग नसून मोबदल्याचा भाग आहे. त्यामुळे बिल पूर्ण किमतीचेच व्हायला हवे. वळत्या रकमेची नोंद पावतीवर वेगळी असते.

तिसरे वचन वेळेचे. ‘दसऱ्याला हमखास डिलिव्हरी’ हे तीन शब्द लिहायला सोपे, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ४२ वा नियम सांगतो, की तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये. ‘मुहूर्तावर गाडी न्या, पासिंग मागाहून करू’ असे सांगणारा विक्रेता ग्राहकाला बेकायदा गाडी चालवायला सांगत असतो. पूर्वी पासिंगसाठी गाडी आरटीओत न्यावी लागे. आता कंपनीतून पूर्ण तयार होऊन आलेल्या गाडीचे कागद विक्रेताच ‘वाहन’ प्रणालीवर चढवतो, कर ऑनलाइन भरतो आणि नंबर तिथेच पडतो. काम सोपे झाले आहे, पण त्याचा क्रम चुकवता येत नाही. आधी पूर्ण पैसे किंवा फायनान्सचा डीओ, मग बिल, मग विमा, मग कर आणि नंबर. नंबर पडल्यावरच क्रमांकपाटी छापायला जाते. या पाटीवर लेझरचा सांकेतिक क्रमांक असतो आणि ती न उघडणाऱ्या कुलपाने बसवतात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या पेंटरकडून ती करून घेता येत नाही.

आता २०२५ चे कॅलेंडर समोर ठेवा. दसरा गुरुवारी, २ ऑक्टोबरला. तो दिवस गांधी जयंतीचा, म्हणजे बँका आणि सरकारी कार्यालये बंद. त्याआधीचा शनिवार, २७ सप्टेंबर, महिन्यातला चौथा, म्हणून त्या दिवशीही बँका बंद. २८ ला रविवार. कर्ज काढून गाडी घेणाऱ्यासाठी कामाचे दिवस उरले सोमवार, मंगळवार आणि बुधवार. शुक्रवारी, २६ तारखेपर्यंत ज्याचे कर्ज मंजूर झाले, त्याची पाटी दसऱ्याला लागण्याची खात्री धरता येत होती. मंगळवारी बुकिंग करणाऱ्याला ती खात्री देणे म्हणजे जुगार. पसंतीचा क्रमांक हवा असेल तर आणखी वेळ धरायचा. एवढे असूनही ‘बुकिंग १ ऑक्टोबरपर्यंत, डिलिव्हरी दसऱ्याला’ असे लिहिण्याचा मोह विक्रेत्यांना आवरत नाही, कारण शेजारच्या शोरूमने तेच लिहिलेले असते.

कागद झाले तरी हातांची मोजदाद उरतेच. एक गाडी ग्राहकाच्या हवाली करायला किमान वीस मिनिटे लागतात. कागदांवर सह्या, चावी-सर्व्हिसची माहिती, नारळ, हार, कुंकवाची बोटे, कुटुंबासह फोटो. चार गाड्या एका वेळी देण्याची जागा आणि माणसे असतील, तर तासाला बारा होतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात धरले तर १२०. कोणी जेवायला थांबणार नाही, हे गृहीत धरून. शोरूमने दोनशे बुकिंग घेतली असतील, तर उरलेल्या ऐंशी जणांचे स्लॉट कागदावरच असतात. त्यातून लोक वेळ वाटून घेत नाहीत. त्या वर्षी गुरुवार असल्याने राहुकाळ साधारण दीड ते तीन आणि विजय मुहूर्तही दुपारी दोन-अडीचच्या पुढेमागे. म्हणजे एका पंचांगाने जो स्लॉट सर्वोत्तम, तोच दुसऱ्या नजरेने टाळायचा. बहुतेकांनी सकाळची वेळ मागितली. दसऱ्याचा अख्खा दिवस मुहूर्ताचा मानतात, हे अशा वेळी कोणाला आठवत नाही.

गर्दीत सर्वांत आधी काय सुटते? डिलिव्हरीपूर्व तपासणी. ट्रकमधून आलेल्या गाडीची बॅटरी चार्ज करणे, टायरमधली हवा योग्य करणे, नट-बोल्ट आवळणे, ब्रेक, दिवे आणि चेन पाहणे, यासाठी वर्कशॉपला प्रत्येक गाडीमागे निवांत वेळ लागतो. ही तपासणी दोन-तीन दिवस आधी उरकून ठेवणारे शोरूम आणि ती रात्री दोन वाजता घाईने करणारे शोरूम ग्राहकाला बाहेरून सारखेच दिसते. फरक ओळखायची खूण साधी आहे. बुकिंगच्या वेळी ‘माझ्या गाडीचा चेसिस नंबर कोणता?’ असे विचारायचे. नंबर मिळाला म्हणजे गाडी आवारात आहे आणि ती आपल्या नावाने राखलेली आहे. ‘माल येतोय’ असे उत्तर आले, की स्लॉट हवेत आहे. नंबरावरून गाडी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात तयार झाली तेही विचारता येते.

ही सगळी साखळी एका चित्रात मावेल का? मावते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरांत असेल त्याच भाषेत आणि अक्षरांत अटी असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. मराठी चित्राच्या तळाशी इंग्रजी मुंग्या सोडणे या तत्त्वांत बसत नाही. माल अपुरा पडण्याची शक्यता असेल, तर तेही जाहिरातीतच सांगायचे. ही तत्त्वे पाळून एखाद्या विक्रेत्याने २०२५ साठी लिहिले असते, तर मजकूर असा काहीसा झाला असता :

‘दसरा, गुरुवार २ ऑक्टोबर. या किमती २२ सप्टेंबरच्या नव्या जीएसटीनुसार आहेत. जुनी दुचाकी कोणत्याही कंपनीची चालेल. ११० सीसी स्कूटरवर बोनस ३,००० रुपये. जुन्या गाडीची किंमत तपासून वेगळी लिहून देऊ. जुन्या गाडीची आरसी तुमच्या किंवा घरातल्या व्यक्तीच्या नावावर, बोजा उतरवलेली, नवी क्रमांकपाटी बसवलेली हवी. दसऱ्याची डिलिव्हरी हवी असेल तर कर्ज २६ सप्टेंबरपर्यंत मंजूर, रोख रक्कम २९ पर्यंत जमा. त्या दिवशी १०० गाड्याच देऊ. वेळ बुकिंगच्या पावतीवर लिहून मिळेल. पाटी वेळेत आली नाही, तर पूजा आणि फोटो दसऱ्याला, गाडी पाटी बसल्यावर.’

त्यातल्या शेवटच्या वाक्याला शोरूमचे सेल्स मॅनेजर घाबरतात. ग्राहक शेजारी जाईल अशी त्यांना भीती वाटते. जाणारे काही जातातही. पण दसऱ्याला संध्याकाळी सहा वाजता नटूनथटून आलेल्या कुटुंबाला ‘पाटी आली नाही’ असे सांगण्यापेक्षा ते आठ दिवस आधी सांगितलेले विक्रेत्यालाही स्वस्त पडते. ग्राहकाने मात्र कोणतेही चित्र तारखेसह जपून ठेवावे. बोनस मिळाला नाही किंवा अट नंतर निघाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना तेच पुराव्याला लागते.

‘फक्त दसऱ्यापर्यंत’ म्हणून सांगितलेली योजना पुष्कळदा धनत्रयोदशीला पणत्यांच्या चौकटीत पुन्हा अवतरते. २०२५ मध्ये दसऱ्यापासून धनत्रयोदशी सोळा दिवसांवर आणि पाडवा वीस दिवसांवर होता. गर्दी थोडी ओसरलेली, पाट्या छापणारे मोकळे, कर्जाची घाई कमी. थांबणाऱ्याला एकच तोटा संभवतो : तोवर शोरूमचे मागचे आवार एक्स्चेंजमध्ये आलेल्या स्कूटरनी भरलेले असते आणि मूल्यांकन करणारा माणूस नव्याने आलेल्या जुन्या गाडीकडे पाहून आधीपेक्षा कमी आकडा सांगू शकतो.